सातव्या प्रश्नाची चार उत्तरं

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर मी एका खाजगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवतो. क्लास एका बाईंचा. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणतो, आणि त्या नसतानाही म्हणतो, यावरून त्यांचा दरारा लक्षात यावा.

आमच्या धंद्यात एक प्रथा आहे. दरवर्षी नवा सराव-कागद काढायला कोणाकडे वेळ नसतो. म्हणून मागच्या वर्षीची वर्कशीट घ्यायची, तिच्यातले आकडे बदलायचे, वरचं साल बदलायचं, की झाली नवी. मागच्या बॅचची उत्तरं मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्यावर हा रामबाण उपाय. मला या कलेचा फार अभिमान होता. मॅडम म्हणायच्या, "सर, तुमचे प्रश्न दरवर्षी नवे असतात हं!" आणि मी लाजून खाली बघायचो.

त्या वर्षी लिमिटची वर्कशीट होती: x एखाद्या आकड्याच्या जवळजवळ सरकत गेला की उत्तर कुठे पोचतं, ते शोधायचं. दहा प्रश्न, वीस मार्क.

माझ्या वर्गात उरणची एक मुलगी होती. आई मासळी विकणारी, वडील बंदरावर कामाला. मुलगी हुशार, पण पहिल्या चाचणीत तिने एक घोळ केला होता. x ची किंमत ठेवल्यावर वर शून्य, खाली शून्य आलं, की ही बाई 'उत्तर १' लिहून मोकळी. एकदा नाही, सहा वेळा. मी विचारलं, तर म्हणाली, "सर, कशालाही त्यानंच भागलं की एकच येतो ना?"

"शून्य सोडून," मी म्हणालो.

"का? शून्यानं काय घोडं मारलंय?"

मी तिला समजावलं की शून्यावर शून्य हे उत्तर नाही, ती पाटी आहे: पुढे काम चालू आहे. आधी किंमत ठेवून बघायची. शून्यावर शून्य आलं तरच हत्यार काढायचं. मग बहुपदी असेल तर अवयव, वर्गमूळ असेल तर रॅशनलाइज करून मूळ घालवायचं, साइन किंवा घातांक असेल तर प्रमाण लिमिट. फळ्यावर लिहून दिलं: x दोनकडे जाताना (x² − ५x + ६) भागिले (x² − ४). दोन ठेवा, शून्यावर शून्य. अवयव पाडले की वर (x − २)(x − ३), खाली (x − २)(x + २). सामाईक कंस गेला, उरलं (x − ३) भागिले (x + २). आता दोन ठेवा, उणे एक चतुर्थांश.

"पण सर, x दोन नाहीये म्हणून कंस उडवला ना? मग शेवटी दोन का ठेवला?"

हा प्रश्न इतका बरोबर होता की मला घाम फुटला. मी म्हणालो, "स्थळ बघताना मुलाच्या घरी आधी जात नाहीत, शेजारीपाजारी चौकशी करतात. लिमिट म्हणजे शेजाऱ्यांचं मत. कंस उडवला तरी शेजारी तेच राहतात, त्यांचं मत बदलत नाही. फक्त आता मधल्या घराचं दार उघडं आहे, म्हणून थेट विचारता येतं."

वर्ग हसला. तिने मात्र वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

तिच्या घरी तेव्हा वेगळंच चाललं होतं. चाचणीचे मार्क बघून आईने ठरवलं होतं की गणित सोडायचं आणि बायोलॉजी घ्यायची. कॉलेजात विषय बदलण्याचा अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. मुलीला इंजिनिअर व्हायचं होतं. शेवटी दोघींचा सौदा ठरला: या वर्कशीटमध्ये वीसपैकी बारा पडले तर गणित राहील, नाहीतर सोमवारी अर्जावर आईची सही.

तिला अकरा पडले.

शनिवारी दुपारी आई क्लासमध्ये आली. सकाळचा बाजार उरकून, उरणहून एसटीने. मुलगी शेजारी, मान खाली. मॅडम खुर्चीत. मी उत्तरपत्रिका हातात घेऊन उभा, चेहऱ्यावर डॉक्टर रिपोर्ट सांगताना आणतात तसा भाव.

"मास्तर, मला गनितातलं काय बी समजत नाय," आई म्हणाली. "हिला जमतंय का नाय, येवडंच सांगा. सही कराची ती मंग करते."

"मुलगी कष्टाळू आहे," मी सुरुवात केली. "पण घाई करते. आता हा सातवा प्रश्न बघा..."

"मी काय बगू? माज्याकडं पापलेट आना, ताजा हाय का शिळा ते सांगते."

मॅडम हसल्या. मग मला म्हणाल्या, "सर, फळ्यावर दाखवा ना. कुठे चुकली ते मुलीला तरी कळेल."

कोणत्या मुहूर्तावर हे सुचलं त्यांना.

मी सातवा प्रश्न फळ्यावर लिहिला: x शून्याकडे जाताना (√(९ + x) − √(४ − x)) भागिले x. मुलीने पेपरात एवढंच लिहिलं होतं: 'वर १, खाली ०. शून्यावर शून्य नाही. लिमिट नाही.' तिथे मी लाल शाईने फुली मारून शेरा दिला होता, 'रॅशनलाइज कर! आळस नको!' माझ्या उत्तरसूचीत उत्तर होतं दोन पंचमांश. अख्ख्या वर्गात एकाचंही उत्तर माझ्याशी जुळलं नव्हतं. त्यावरून मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला होता. म्हटलं, काय कठीण प्रश्न काढला!

"बघ," मी मुलीला म्हणालो, "वर्गमुळं दिसली की कॉन्जुगेटने, म्हणजे मधलं चिन्ह उलटं करून, वर-खाली गुणायचं. वर येतं (९ + x) वजा (४ − x), म्हणजे..." आणि मी थांबलो. सूचीप्रमाणे तिथे २x यायला हवं होतं. येत होतं ५ + २x.

खिडकीबाहेर उलव्याकडे जाणाऱ्या डंपरची रांग धडधडत होती. त्या आवाजामुळे चूक होत असेल असं वाटून मी खिडकी लावली. तरीही ५ + २x.

"म्हणजे ५ + २x," मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो. "खाली x गुणिले दोन्ही मुळांची बेरीज. आता x ला x गेला, वर राहिलं ५ + २, म्हणजे सात. खाली तीन अधिक दोन, पाच. उत्तर सात पंचमांश."

"सर, पाचाखालचा x कसा गेला?" मुलगी म्हणाली.

ज्या चुकीसाठी मी पोरांना अंगठे धरून उभं करतो, ती चूक मी दोन पालकांच्या... बरं, एका पालकाच्या आणि एका मालकाच्या देखत केली होती. बेरजेतल्या एकाच पदातला x मी उडवला होता.

"बरोबर. तपासत होतो तुला," मी म्हणालो आणि पुसलं. "x जात नाही. म्हणजे वर पाच, खाली शून्य गुणिले पाच. पाचावर शून्य. उत्तर अनंत."

"सूचीत काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"दोन पंचमांश."

"म्हणजे आता तीन उत्तरं झाली," मॅडम म्हणाल्या.

आई मुलीकडे वळून हळूच म्हणाली, "गो, ह्यांना तरी जमतंय का?"

पंचवीस वर्षं फळ्याशी काढलेला माणूस, पण त्या क्षणी नऊ मोठे की चार, हेही कोणी विचारलं असतं तर मी वेळ मागून घेतला असता. मुलीने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. "सर, x जागी ०.०१ घातलं तर शंभराच्या थोडं वर येतं. ०.००१ घातलं तर हजाराच्या वर. पण उणे ०.०१ घातलं तर उणे नव्व्याण्णव आणि काहीतरी." मग जरा घाबरत म्हणाली, "उजवीकडचे शेजारी वर चाललेत आणि डावीकडचे खाली. त्यांचं एकमत नाही, म्हणून मी लिमिट नाही असं लिहिलं. आधी ठेवून बघितलं तर वर तीन वजा दोन, एक आला. शून्यावर शून्य नव्हतंच. तुम्हीच म्हणालात, तेव्हा हत्यार काढायचं नाही."

मी टेबलाच्या खणातून मागच्या वर्षीची वर्कशीट काढली. मूळ प्रश्नात दोन्ही मुळांत चारच होते: √(४ + x) वजा √(४ − x). तिथे शून्य ठेवलं की दोन वजा दोन, शून्यावर शून्य. रॅशनलाइज केल्यावर वर २x, खाली x गुणिले बेरीज. x जातो, दोन भागिले चार, उत्तर अर्धा. छान, शहाणा प्रश्न. नवीन करायच्या नादात मी एकाच चाराचा नऊ केला आणि सूचीत जुनं २x तसंच ठेवून खालची बेरीज तेवढी पाच केली. स्वतःच्या प्रश्नात किंमत ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. हे तीन शब्द म्हणायला मला दहा प्रश्नांच्या वर्कशीटपेक्षा जास्त वेळ लागला असावा. "हिचं उत्तर बरोबर आहे. दोन मार्क वाढतात. तेरा."

मुलीने पहिल्यांदा आईकडे बघितलं. आईने बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे बाराच्या वर?"

"वर."

"आनि अख्ख्या वर्गात हिचंच बरोबर?"

"हिचंच," मी म्हणालो. "माझंसुद्धा नाही."

आईने पिशवीतून विषयबदलाचा अर्ज काढला, घडी घातली आणि परत पिशवीत टाकला. मला वाटलं, आता आभार मानतील. मी तसा चेहराही तयार केला.

"गनित ऱ्हाऊ द्या," ती मॅडमना म्हणाली. "मास्तर बदलून देता का?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या क्लासमध्ये गणिताचा मास्तर एकच आहे, हे सांगायचं की नाही याचा त्या विचार करत असाव्यात.

मुलगी म्हणाली, "आई, नको गं. सर चांगले हायेत."

"चांगले हायेत, पन चार उत्तरं देतात."

"चौथं माजं होतं," मुलगी म्हणाली.

आईने पिशवी काखेत मारली. मग उठली. "बरं, ऱ्हाऊ दे. पन मास्तर, पुडचा पेपर काढला की आदी हिला सोडवाला द्या. मंग वर्गाला वाटा."

मी हो म्हणालो. त्याशिवाय काय म्हणणार होतो? त्या दोघी जिना उतरून गेल्यावर मॅडमनी उरलेल्या तेवीस उत्तरपत्रिका माझ्यासमोर सरकवल्या आणि विचारलं, "यांच्या सातव्या प्रश्नाचं काय करायचं?"

मी पेन उघडून बसलो. तेवीसही जणांनी रॅशनलाइज केलं होतं. त्यातल्या नऊ जणांचं उत्तर सात पंचमांश होतं.