सात कॅलरीची पाटी

भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमधून मी लूनावर औद्योगिक वसाहतीतल्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये जायचे. विजेच्या विभागात मी एकटीच बाई इंजिनियर, आणि मला आकडेमोडीची घमेंड होती. ती कशी उतरली, ते सांगते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. दुसऱ्या कुठल्यातरी मिलमध्ये चालू बोर्डात ठिणगी होऊन एक माणूस भाजला, त्यामुळे आमचे मालक घाबरले आणि परदेशी नियतकालिकातल्या नव्या सूत्रांचे झेरॉक्स माझ्या टेबलावर आले. काम असं, की आमच्या मेन बोर्डात ठिणगीची कमान, म्हणजे आर्क, पेटली तर दीड फुटावर उभ्या माणसाच्या अंगावर किती उष्णता पडेल, ते काढायचं. चौरस सेंटीमीटरला सव्वा कॅलरी पडली, तरी कातडीवर फोड येतात.

बोर्डाचे चारशे पंधरा व्होल्ट म्हणजे आमच्याकडे घरची गाय. अकरा हजाराला सगळे हात जोडत आणि याच्या पुढ्यात बिडी ओढत. पण ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरच्या पट्टीवरून मी हिशोब मांडला, तेव्हा तो दोनदा तपासून पाहिला. किती उष्णता पडणार हे प्रवाहावर ठरतं, अंतरावर ठरतं आणि सगळ्यात जास्त ठरतं वेळेवर, म्हणजे बोर्डाचा मुख्य ब्रेकर किती लवकर बंद होतो यावर. वेळ मी ऑफिसातल्या फाइलीतून घेतला. बोर्ड बसवतानाच्या सेटिंगच्या कागदावर एक दशांश सेकंद लिहिला होता. ब्रेकर उघडायला लागणारा क्षण त्यात मिळवला आणि उत्तर आलं सात कॅलरी.

मग पाट्या छापल्या. मुख्य ब्रेकरच्या कप्प्यावर लाल पाटी लावली: 'चालू असताना उघडायचं नाही'. तिथे ठिणगी झाली तर तो ब्रेकर स्वतःच्या मागचं काहीच तोडू शकत नाही, पलीकडचा अकरा हजाराचा ब्रेकर जागा होईपर्यंत सगळं जळतच राहतं. बाकीच्या कप्प्यांवर पिवळी पाटी: सात कॅलरी, दीड फूट, आठ कॅलरीचा पोशाख. खाली माझी सही. मुंबईहून एक पोशाख आला, जाड कापडाचा, तोंडावर हिरवट काच असलेला.

तो घालायचा होता आमच्या मुख्य इलेक्ट्रिशियनला. वर्ध्याकडचे गृहस्थ, जवळच्या जुनवानी गावात राहायचे, मी त्यांना काका म्हणायचे. ब्रेकर आत सरकवायची त्यांची जुनी रीत होती. कप्प्याच्या बाजूला भिंतीला चिकटून उभं राहायचं, तोंड फिरवायचं, श्वास रोखायचा आणि हात लांब करून हँडल फिरवायचं. मी हसून त्यांना म्हणायचे, "काका, लपाछपी खेळता का ब्रेकरशी?" आज ते हसणं आठवलं की लाज वाटते.

त्या सकाळी भट्टी गार ठेवणाऱ्या एका पंपाचा ब्रेकर दुरुस्त होऊन आला होता. तो चालू बोर्डातच परत सरकवायचा होता, कारण बाकीचे पंप थांबवायला मॅनेजर तयार नव्हते. ते भिलाईतलेच हिंदी भाषक, बोलणं तुटक आणि नजर कायम घड्याळावर.

काकांनी पोशाख चढवला. मी चार हात मागे, टॉर्च घेऊन, आणि मॅनेजर खोलीच्या दाराशी. आणि मला दिसलं, की ते बाजूला उभे राहिले नाहीत. सरळ कप्प्याच्या दारासमोर उभे राहिले, छाती काढून. पाटीवर बोट टेकवून म्हणाले, "सात लिवलं हाये ना? अंगावर आठ हाये. मंग कावून भ्यायचं?"

मला अभिमान वाटला. खरंच वाटला. त्याच अभिमानात टॉर्च मुख्य ब्रेकरच्या काचेवर फिरवला, उगाच. आत वेळेची डायल. तिचा काटा दशांशावर नव्हता. अर्ध्या सेकंदावर होता.

तोपर्यंत काकांनी हँडल भोकात घातलं होतं.

"काका, थांबा! हात काढा!"

आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. काका थबकले. हँडल तसंच ठेवून दोन पावलं मागे आले, तोंडावरची काच वर केली. चेहरा घामाने थबथबलेला.

"ही डायल कोणी फिरवली?"

मॅनेजर म्हणाले, "मैडम, टाइम जा रहा है." काकांनी डायलकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्या फिरवली. दोन साल झाले असतीन. एका पंपाच्या केबलीत फॉल्ट आला का आख्खं बोर्ड जाऊन राहिलं होतं. भट्टीचं पाणी बंद. मंग दोन-चार घरं पुढं सरकवली. सगळेच सरकवतेत, पोरी."

खरं होतं. खोटं त्यात काहीच नव्हतं. आमच्याकडे डायल पुढे सरकवायची रीतच होती, आणि ती कुठे लिहायची नाही ही पण रीतच. लहान ब्रेकर आधी पडावा म्हणून मोठ्याला थांबवायचं, हा विचारही बरोबरच. पण मोठा थांबतो तेवढा वेळ समोरचा माणूस भाजतो. मी पेनाने तळहातावर हिशोब केला. पंचवीसच्या आसपास. अंगावर आठचा पोशाख.

"डायल पीछे कर दो, काम करो," मॅनेजर म्हणाले.

क्षणभर मलाही ते पटलं. पण ब्रेकरला सुटायला सांगणाऱ्या त्या डायलमागच्या रिलेची दोन वर्षं चाचणी झाली नव्हती. काटा मागे घेतला म्हणून तो दशांश सेकंदात सुटेलच, हे कोण सांगणार? मी एकदा कागदावर विश्वास ठेवून बसले होते. मी पिवळी पाटी नखाने उचकटली. अर्धीच निघाली, अर्धी चिकटून राहिली.

"सर, बोर्ड बंद केल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. मी लावू देणार नाही."

"भट्ठी का क्या?"

"वरच्या टाकीत वीस मिनिटाचं पाणी हाये," काका म्हणाले. "भट्टी मंद करा. मले दहा लागतीन."

मॅनेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नोकरी गेली असंच मी धरून चालले. शेवटी त्यांनी फोन उचलला. भट्टी मंद झाली, अकरा हजाराच्या बाजूनेच बोर्ड तोडलं, कुलूप लागलं, टेस्टर लावून तिन्ही फेज मेल्याची खात्री झाली. काकांनी ब्रेकर आत सरकवला. खट् असा आवाज आला, बस. काहीच झालं नाही. पाणी संपायच्या आत पंप सुरू झाले.

चालू बोर्डात केलं असतं तरी बहुधा काहीच झालं नसतं. मॅनेजरांनी हे मला पुढे महिनाभर ऐकवलं.

नंतर मी रिलेची चाचणी करवून घेतली, प्रत्येक डायल स्वतः डोळ्यांनी पाहून पुन्हा हिशोब मांडला. नव्या पाटीवर आकड्याखाली सेटिंग छापलं, आणि हिंदीत एक ओळ: डायल बदलली तर ही पाटी रद्द. एक रजिस्टर ठेवलं. त्यातली पहिली नोंद काकांनी केली, दोन वर्षांपूर्वीची, स्वतःच्या सहीने.

त्या दिवशी मात्र पोशाख उतरवताना मी त्यांना म्हणाले, "चूक माझी, काका. मी डायल न बघता सही केली."

ते बटणं सोडत राहिले. मग म्हणाले, "चूक दोघायची. पण एक सांगतो. तुही पाटी नव्हती तवा म्या बाजूले उभा राहत होतो."

पुढच्या वेळी बोर्ड बंद होतं, कुलूप होतं, तपासणी झाली होती. तरी काका भिंतीला चिकटले, तोंड फिरवलं, श्वास रोखला. मी टॉर्च धरून मागे उभी होते. माझा श्वासही रोखलेला होता, आणि या वेळी मी हसले नाही.