वजा दोनची बाकी

चूक माझी होती. ती कळल्यावरही मी आठ दिवस गप्प बसलो, हे जास्त वाईट.

वीसेक वर्षं मी पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग शिकवतोय, ते सी भाषेत. यंदा पहिल्यांदाच प्रात्यक्षिक परीक्षा पायथनमध्ये होती. प्रश्न सोपा होता. मजकुरातलं प्रत्येक इंग्रजी अक्षर तीन घरं पुढे सरकवायचं, z झाला की पुन्हा a पासून. अंक, मोकळ्या जागा, विरामचिन्हं तशीच ठेवायची. मग सगळं उलट फिरवून मूळ मजकूर काढायचा. फळ्यावर मी ‘Mandai by 5.’ लिहिलं होतं. त्याचं ‘Pdqgdl eb 5.’ व्हायला हवं.

अमरावतीकडची एक मुलगी कोड लिहून घेऊन आली. मी तो कागदावरच वाचला. अक्षरं शून्यापासून मोजतात, a म्हणजे शून्य. उलट फिरवताना b म्हणजे एक, त्यातून तीन गेले की वजा दोन. त्याला सव्वीसने भागून तिने बाकी घेतली होती. सीमध्ये ही बाकी वजा दोनच राहते आणि y च्या जागी भलतंच चिन्ह येतं. म्हणून आधी सव्वीस मिळवावे लागतात. तिने मिळवले नव्हते.

“सव्वीस कुठे गेले? मंडईत?”

मागची मुलं हसली.

“सर, पायथनमध्ये लागत नाही. एकदा चालवून पाहता का?”

“अहो विदुषी, परीक्षक मी आहे ना?”

मी लाल शाईने काट मारली. ती नापास झाली, आणि नापास मुलांना नोकरीच्या मुलाखतींना बसता येत नाही, हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी, विश्रांतवाडीतल्या घरी, नव्या बॅचसाठी नमुना उत्तर लिहायला बसलो. सवयीने सव्वीस मिळवले, मग सहज काढून पाहिले. उत्तर y च आलं. पायथनमध्ये वजा दोनची बाकी चोवीस येते. तिचा कोड बरोबर होता.

सोमवारी सांगेन म्हटलं. सोमवारी विभागप्रमुख रजेवर होते. मला ते बरंच वाटलं. मंगळवारी तास जास्त होते. अशी कारणं मी रोज शोधली. गुरुवारी एक कंपनी मुलाखती घेऊन गेली. यादीत तिचं नाव नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी मी गुण बदलण्याचा अर्ज दिला आणि त्याच लॅबमध्ये, त्याच मुलांसमोर, तिचा कोड पडद्यावर चालवला. ‘Mandai by 5.’ सरळ परत आलं. कोणी हसलं नाही.

“गुण दुरुस्त होतील, पुढच्या मुलाखतींना तू बसशील,” मी म्हणालो. “पण गुरुवारची मुलाखत माझ्यामुळे गेली.”

ती खाली बघत म्हणाली, “तुम्हाला आज कळलं का सर?”

“नाही. आठ दिवस झाले. लाज वाटली म्हणून बोललो नाही. तुझं बरोबर होतं, मी वाचलं चुकीचं, आणि वर तुझी चेष्टा केली. मला माफ कर.”