फुटणार नाही, असं मी म्हणणार नाही

सरपंच होण्याआधी सुकन्या गर्जे धामणदऱ्यात पिठाची गिरणी चालवायच्या. गिरणीत आलेल्या बाईनं दळण कधी होईल असं विचारलं, की त्या कधी वेळ सांगत नसत. पुढं किती डबे आहेत ते दाखवत आणि वीज टिकली तर तुमचंही होईल, एवढंच म्हणत. काही बायकांना हे तुटक वाटायचं. पण त्यांच्या गिरणीवर कुणाचा खोळंबा झाल्याचं आम्हाला आठवत नाही. महिला राखीव जागा निघाली तेव्हा गावातल्या दोन्ही गटांना चालेल असं नाव कुणाचं, तर त्यांचंच निघालं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. वरच्या अंगाला साठवण तलाव आहे आणि त्याखाली ओढ्याच्या दोन्ही काठांनी वस्ती. हा तलाव भरलेला बघायची कुणाला फारशी सवय नाही. त्या वर्षी भाद्रपदात डोंगरावर पावसानं ठाण मांडलं, तलाव काठोकाठ भरला आणि सांडवा धो धो वाहू लागला. लोकांनी नारळ फोडले, पोरासोरांनी फोटो काढले.

चौथ्या दिवशी सकाळी सुकन्याताईंचे यजमान बिभीषण म्हशी घेऊन बांधाच्या पायथ्याला गेले. तिथं पूर्वी एक मोठी बाभूळ होती, ती कधीतरी कुणीतरी तोडून नेली होती. त्या खोडाच्या जागेतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं आणि ते गढूळ होतं. बिभीषणनी बायकोला फोन केला. पण त्यांच्या आधीच तिथं आलेल्या कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, धामणदऱ्याचा तलाव फुटला.

तलाव फुटला नव्हता. पण ओढ्याकाठच्या वस्तीनं तेवढं वाचलं आणि गुरं सोडली. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका, म्हातारी माणसं, शेळ्या, गव्हाच्या गोण्या असं सगळं एकदम चढलं. ओढ्यावरच्या फरशी पुलाच्या वळणावर ट्रॉली कलंडली. दोघांना जबर लागलं. त्यांना अँब्युलन्सनं पाथर्डीला न्यावं लागलं. तासाभरात अर्धं गाव शाळेच्या पटांगणात गोळा झालं. जो तो दुसऱ्याला विचारत होता आणि माहीत कुणालाच नव्हतं.

सुकन्याताई पटांगणात थांबल्या नाहीत. त्यांनी तहसील कार्यालयात कळवलं आणि तिथून जलसंधारण विभागाचे हर्षल दराडे नावाचे तरुण अभियंता निघाले. त्यांना घेऊन त्या थेट बांधावर गेल्या. साहेबांनी बाटलीत ते पाणी धरलं आणि थोडा वेळ स्थिर ठेवलं. तळाला माती बसली.

त्यांनी ताईंना नीट समजावून सांगितलं. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरणं नवं नाही. ते स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ असेल तर आतली माती वाहून जातेय, म्हणजे आत वाट पडतेय. तोंड बुजवायला जायचं नाही, कारण पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा थर द्यायचा. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तलावातलं पाणी उतरवायचं. त्यासाठी मोरीचं, म्हणजे बांधाखालून पाणी सोडायच्या वाटेचं, दार उघडायचं आणि सांडवा जेसीबीनं खोल करायचा.

“बांध टिकेल का?” ताईंनी विचारलं.

“सांगता येत नाही. पाणी जितकं खाली जाईल तितका धोका कमी.”

मोरीचं दार उघडायचं ठरलं तेव्हा उपसरपंच आप्पासाहेब तिथं पोचले. आप्पासाहेब वाईट माणूस नव्हे. त्यांची संत्र्याची बाग त्या पाण्यावर होती आणि गावाची ज्वारी-हरभऱ्याची आशाही त्याच पाण्यावर होती. आमच्या भागात भरलेला तलाव ओढ्याला सोडून द्यायचा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. त्यांचं म्हणणं, आधी वाळू-खडी टाकून बघावं, दार नंतर. साहेबांनी नाही म्हटल्यावर ते ताईंना बाजूला घेऊन बोलले.

“तुमी लोकांना फक्त एवढं सांगा, घाबरू नका, काही हुत न्हाई. तुमचं ऐकत्यात ते. शांत हुतील.”

“काही हुत न्हाई, हे मला कुठं माहिती हाय, आप्पा?” ताई म्हणाल्या. “आन् मी तसं सांगितलं, लोक घरी जाऊन झोपले, तर?”

आप्पासाहेब बाजूला झाले. दार उघडलं गेलं.

परत येताना जीपमध्ये ताईंनी काय बोलायचं ते साहेबांना बोलून दाखवलं. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय आपल्याला जाहीर बोलता येणार नाही, पण चुकीचं काही जाऊ नये म्हणून मी शेजारी उभा राहतो, असं ते म्हणाले होते. ताई एके ठिकाणी म्हणाल्या, गळती थांबवली आहे. साहेबांनी लगेच अडवलं. थांबवली नाही, आटोक्यात ठेवायचा प्रयत्न चाललाय. ताईंनी वाक्य बदललं. जखमींची नावं सांगायची का, यावरही त्या अडल्या. मग त्यांनी पाथर्डीला फोन लावून घरच्यांना विचारलं आणि नावं नकोत असं ठरवलं.

मारुतीच्या देवळातला स्पीकर शाळेत आणून ठेवला होता. ताई व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. त्या बोलल्या ते आम्हाला अजून जवळपास शब्दाला शब्द आठवतं.

“मी आत्ताच बांधावरून आले. आधी जे नक्की माहिती हाय ते सांगते. तलाव फुटलेला न्हाई. बांधाच्या पायथ्याला एका जागी पानी निघतंय आन् ते गढूळ हाय. हे चांगलं लक्षन न्हाई. आपल्यातल्या दोघांना ट्रॉली पडून लागलंय, त्यांच्यावर पाथर्डीत उपचार सुरू हायेत, दोघंबी बोलतायत. त्यापुढचं डॉक्टर सांगतील.

आता जे माहिती न्हाई ते. बांध टिकंल का, हे मला माहिती न्हाई. साहेबांना बी आज सांगता येत न्हाई. म्हनून फुटनार न्हाई असं मी म्हननार न्हाई आन् फुटनार असंबी म्हनत न्हाई.

करतोय ते असं. मोरीचं दार उघडलंय. जेसीबी सांडव्यावर हाय. गळतीवर वाळू-खडी टाकतोय. बांधावर मानसं आळीपाळीनं बसनार हायेत. ओढ्याकाठच्या वस्तीनं आज शाळेत आन् मंगल कार्यालयात राहायचं. गुरं माळावर न्यायची. ओढ्यात, फरशी पुलावर कुनीबी थांबायचं न्हाई, कारन दार उघडल्यामुळं तिथं पानी वाढनारच हाय. ते वाढलं म्हंजे बांध गेला, असं समजू नका. बांधाचं काही झालं तर देवळाची घंटा सलग वाजंल. मग सामान न घेता, चालत, शाळेकडं यायचं. मोबाईलवर काय बी येऊ द्या, घंटा वाजली न्हाई तर पळायचं न्हाई.

दिवेलागणीला मी पुन्हा हितंच बोलनार हाय. नवं काही नसलं तरी बोलनार.”

पटांगणात कुजबूज झाली. ओढ्याकाठची लंकाबाई, जिचं घर पाण्यापासून सगळ्यात जवळ, काठी टेकत पुढं आली. ती आयुष्यभर ऊसतोडीला गेलेली, सरकारी आश्वासनांवरचा तिचा विश्वास केव्हाच उडालेला.

“सुकन्या, मला सरळ सांग. रातीला घरात झोपू का?”

“नको, मावशी.”

“उद्या?”

“उद्याचं उद्या सांगते.”

लंकाबाई वळली आणि मंगल कार्यालयाच्या दिशेनं निघाली. तिच्या मागं वस्ती निघाली. मग पाण्याचा प्रश्न निघालाच. मागून कुणीतरी विचारलं, सोडलेल्या पाण्याचं काय, पिकाचं काय, बांध सरकार कधी दुरुस्त करणार. ताई म्हणाल्या की पंचनाम्याची आणि दुरुस्तीची मागणी आजच जाईल, ती त्या स्वतः नगरला जाऊन लावून धरतील. मंजुरी कधी येईल हे त्यांच्या हातात नाही. ज्यांचं पाणी जातंय त्यांचं नुकसान होणार, हे खरं आहे. यावर लोक नाराज झाले. ताईंनी नाराजी अंगावर घेतली, उत्तर बदललं नाही.

दिवेलागणीला त्या बोलल्या. नवं काहीच नव्हतं, पाणी अजून गढूळ होतं, तेच त्यांनी सांगितलं. दोन मिनिटांत संपलं. पण त्या आल्या, एवढ्यानंच बायकांनी चुली मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या बाहेरच्या उताराचा मोठा लचका घसरून खाली आला. घंटा वाजली. आदल्या दिवशी याच गावानं घाईत ट्रॉली उलटवली होती. या वेळी ओढ्याकाठची वस्ती शाळेतच होती; घरी राहिलेली मधल्या आळीतली माणसंही हातची कामं टाकून निघाली, चालत आली, म्हाताऱ्यांना धरून आली. कुणी पुलाकडं गेलं नाही. ताईंनी पायरीवर उभं राहून सांगितलं की बांधाचा बाहेरचा भाग घसरला आहे, आरपार गेलेला नाही, पण काल होता त्याहून धोका आज जास्त आहे. ऐकून एक बाई रडायला लागली. बाकीचे खाली बसले आणि वाट बघू लागले.

सांडवा खोल झाला होता, मोरी भरून वाहत होती. पाणी हळूहळू उतरत गेलं. ऊन पडलं. काही दिवसांनी हर्षल साहेबांनी पुन्हा बाटली भरली, तेव्हा तळाला काही बसलं नाही. त्यानंतरच ताईंनी लंकाबाईला घरी जायला सांगितलं. रुग्णालयातले दोघेही परतले, त्यातल्या एकाचा हात अजून पुरता उचलत नाही.

तलावात निम्म्याहून कमी पाणी उरलं. हरभऱ्याला एक पाणी कमी पडलं, आप्पासाहेबांच्या बागेची फळं गळाली. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ते उभे राहिले. सगळ्यांच्या मनातलं त्यांनी विचारलं. तलाव तर फुटला नाही, मग पाणी घालवलं कशाला?

ताई उठल्या. “पानी सोडलं नसतं तर फुटला असता का, हे मला आजबी सांगता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आप्पांचं नुकसान झालं, ते मी मान्य करते. पन खाली वस्ती असताना ते बघायला थांबायचं, हे मला जमलं नसतं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा दार उघडीन.”

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. आप्पासाहेब खाली बसले. बांधाच्या दुरुस्तीचा ठराव झाला, तेव्हा त्याला अनुमोदन त्यांनीच दिलं.

त्या हिवाळ्यात ताई किती वेळा नगरला गेल्या कोण जाणे. पहाटेच्या एसटीनं जायचं, कार्यालयात बसायचं, संध्याकाळी परत यायचं. फाल्गुनात बांधावर रोलर आला. आधी बांधावरच्या बाभळी मुळासकट काढल्या, कारण कुजलेल्या मुळांतूनच पाण्याला वाट मिळते, मग घसरलेला भाग खोदून थरावर थर माती दाबायला सुरुवात झाली. काम मध्येच एकदा थांबलं, पुन्हा सुरू झालं.

परवा ताई नगरच्या एसटीची वाट बघत होत्या, तेव्हा लंकाबाईनं त्यांना विचारलं, पावसाच्या आत होईल का गं हे सगळं?

“व्हावं म्हनून चाललेय,” ताई म्हणाल्या आणि आलेल्या गाडीत चढल्या.