मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

लढाई चालू होती त्या वर्षांत नगरमध्ये माझं फोटोचं छोटं दुकान होतं. एका दुपारी पारनेरकडचे एक म्हातारे शेतकरी सुनेला घेऊन आले आणि उपरण्यात गुंडाळलेला फोटो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मुलगा पलटणीबरोबर समुद्रापलीकडे लढाईवर गेला होता. कित्येक महिने त्याचं पत्र नव्हतं.

फोटोत तो खुर्चीत ताठ बसला होता. डोळे मिटलेले. मागून कुणाच्या तरी हातानं त्याचा खांदा धरलेला.

"बगून सांगा," म्हातारे म्हणाले, "पोरगं जितं हाय का?"

मयताला खुर्चीत बसवून, मागून आधार देऊन मी स्वतः फोटो काढले होते. ते असेच दिसत. भिंगातून पाहिलं, तर मांडीवरच्या हाताची बोटं पुसट. जिवंत माणसाची बोटं हलली होती, की कागदच तिथं बिघडला होता? नुसतं बघून मला ठरवता येईना. सून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून होती. मी भिंग खाली ठेवलं.

"हा आणला कुणी?"

"कोल्हारचा एक शिपाई रजंवर आलाय. ठेसनावर आमच्या गाववाल्याच्या हाती दिला, काय इचारायच्या आत गाडी सुटली."

"मग आधी त्याला विचारू. तोवर मी काही सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोटारीनं कोल्हारला गेलो. शिपाई उसाला पाणी देत होता. मी फोटो पुढे केला.

"हा कधी काढला?"

"म्या रजंवर निघायच्या आदल्या दिवशी. दवाखान्याच्या व्हरांड्यात."

म्हातारे बांधावर बसून ऐकू लागले.

"डोळे का मिटलेत?"

"डोळ्याला इजा झालीया. उजेड सोसत न्हाई. पट्टी काडली ती फोटोपुरतीच."

"आणि हा हात?"

"माजाच. लई अशक्त झालाय, कलंडत हुता. सावलीत फोटोला येळ लागतो म्हून फोटोवाला म्हनाला, हलू नका. तरी ह्याची बोटं चालूच!"

"फोटो काढायला सांगितलं कुणी?"

"त्यानंच. म्हनला, पत्र कुनीबी लिहील. घरच्यांना माजं तोंड दिसू दे."

सून पदर सावरत पुढे आली. "बोटांनी काय करत व्हते?"

शिपाई हसला. "मांडीवर ढोलकी वाजवत हुता."

तिनं फोटो माझ्या हातातून घेतला आणि त्या पुसट बोटांवर आपलं बोट ठेवलं. "जेवान व्हईस्तवर ताटावर बी असंच वाजवत्यात," ती म्हणाली. इतकी वर्षं मी फोटो काढत होतो. माझ्या दुकानात जरा कुणी हललं की मी फोटोची काच वाया गेली म्हणून चिडायचो. त्या बांधावर मात्र त्या हललेल्या बोटांवरून माझी नजर हटेना. समुद्रापलीकडचा एक जिवंत ठेका त्या कागदावर उमटला होता आणि त्याच्या बायकोला तो ऐकू येत होता.

लढाई संपल्यावर तो परत आला. एक डोळा गेला होता. दोघं नवराबायको दुकानात फोटो काढायला आले, तेव्हा मी त्याला हलू नका असं म्हटलं नाही.