निळ्या फ्यूजचा एक पाय

गाडीचा फ्यूजबॉक्स ज्याने आखला त्याला एकदा तरी स्टिअरिंगखाली आडवं पाडून, मान मुरगाळून, एका हाताने त्यातला एक फ्यूज काढायला लावायला हवं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गाड्यांमध्ये ते इवलेसे पात्याचे फ्यूज यायला लागले आणि आम्हा ऑटो इलेक्ट्रिशियन लोकांच्या बोटांचे हाल सुरू झाले. एकाला एक चिकटून बसलेले, रंगीत गोळ्यांसारखे. त्यांच्यामध्ये नखही जात नाही. झाकणात आतल्या बाजूला प्लास्टिकचा पांढरा चिमटा अडकवलेला असतो. निदान गाडी नवी असते तेव्हा तरी असतो. दुसऱ्या वर्षी तो कुठे जातो हे मला आजवर कळलेलं नाही.

माझं दुकान मखमलाबाद रोडला होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, बॅटरी चार्जर आणि बाहेर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. त्याआधी काही वर्षं मी गावातच द्वारका चौकाजवळ एका वस्तादांच्या हाताखाली होतो. सगळा धंदा त्यांनीच शिकवला. डायनामोची गुंडाळी, सेल्फ, वायरिंग, हॉर्न, सगळं. मी वेगळं दुकान टाकतो म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं, आता पाना फेकून मारतात. तसं काही झालं नाही. उद्घाटनाला आले, स्वतःच्या हाताने नारळ फोडला आणि म्हणाले, "त्या बाजूची गिऱ्हाइकं तुला जवळ पडतील. जाऊ दे तुझ्याकडे. माझं काय अडतंय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे कित्येक दिवस जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो होतो. वस्ताद म्हणजे माझा बापच आहे, असं.

त्या बाजूच्या गिऱ्हाइकांत एक फुलवाला होता. मखमलाबादला त्याचे गुलाब आणि शेवंतीचे मळे. फुलांत बऱ्यापैकी पैसा झाला तेव्हा त्याने एक नवी गाडी घेऊन टूरिस्टला लावली. मुंबईच्या विमानतळाची भाडी तो स्वतः मारायचा. आधी सगळं काम वस्तादांकडे असायचं, मग माझ्याकडे यायला लागला. माणूस बोलका. एकाने चांगलं काम केलं की दहा जणांना पाठवणारा. माझ्या शेडसमोर ज्या गाड्या उभ्या राहायच्या त्यातल्या निम्म्या तरी त्याच्या शब्दावर आलेल्या असायच्या. तो गेला असता तर माझी शेडही गेली असती, इतकं ते सरळ होतं.

एका पावसाळ्यात त्याचा वायपर बंद पडायला लागला.

पहिल्यांदा घोटीच्या पुढे. तो तसाच हळूहळू परत आला. मी चावी ऑन केली, टेस्ट लॅम्पचा क्लिप बॉडीला लावला आणि टोक वायपरच्या फ्यूजवर टेकवलं. या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक भोकं असतात, त्यांतून आतल्या दोन्ही पायांचा धातू उघडा दिसतो. एका बाजूला लॅम्प लागला आणि दुसऱ्या बाजूला लागला नाही तर फ्यूज उडालेला. दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, पुढे जा. वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं ते. "लॅम्प लागतोय तो फ्यूज उपटायचा नाही. उपटून उपटून आतले क्लिप सैल होतात, मग नसलेला फॉल्ट आपणच तयार करतो." बरोबरच आहे ते. आजही मी हेच सांगेन.

दोन्हीकडे लॅम्प लागला. म्हणजे फ्यूज ठीक. मी मोटर काढली, कार्बन साफ केले, वायरिंगचे कपलर घासले. सगळं जोडून स्विच दाबला, वायपर फटाफट चालला. फुलवाला खूष, मी खूष.

काही दिवसांनी पुन्हा. या वेळी इगतपुरीत. माझ्याकडे येईपर्यंत वायपर आपोआप चालू झालेला. कुठलाही फॉल्ट मेस्त्रीसमोर आला की शहाण्यासारखा वागतो, याने माझं डोकं फिरतं. मी वस्तादांकडे गेलो. मनात काही किंतु नव्हता; अडलं की त्यांच्याकडे जायचं, ही सवय. त्यांनी चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोटर थकली असेल. बदलून टाक." मी फुलवाल्याला नवी मोटर घ्यायला लावली.

तिसऱ्यांदा तो कसारा घाटात अडकला. मागे विमानतळावरून आणलेलं कुटुंब, समोर पाण्याची भिंत, वळणावर ट्रक, आणि वायपर अर्ध्या काचेवर थांबलेला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या शेडसमोर आला तो नेहमीचा हसरा माणूस नव्हता.

"मिस्तरी, मोटर नवी टाकली ना आपण?"

"टाकली."

"मंग? त्या पोरांच्या आईनं पदर तोंडावर धरला होता. काही झालं असतं तर मी कुणाच्या दारात गेलो असतो?"

मी किल्लीसाठी हात पुढे केला. तो म्हणाला, "वस्ताद म्हणले, गाडी माझ्याकडं घेऊन ये. उद्या नेतो. आज तुम्ही एकदा बघून घ्या." तेवढी लाज त्याने माझी राखली.

तो गाडी ठेवून रिक्षाने गेला. गाडी उद्या वस्तादांसमोर उभी राहणार म्हटल्यावर मला पहिली काळजी काय वाटली असेल? फ्यूजबॉक्स धुळीने भरलेला आहे आणि वस्ताद त्यावरून मला बोलतील, ही. ते घाण फ्यूजबॉक्सला फार चिडायचे. म्हणून, निव्वळ त्यांची बोलणी खावी लागू नयेत म्हणून, मी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि एकेक फ्यूज उपसून क्लिप साफ करायला बसलो. चांगला फ्यूज मी एरवी कधीच काढला नसता.

चिमटा नव्हताच. बारीक नोज प्लायर घेतला, टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळली. फ्यूजच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी हलकं धरायचं आणि सरळ ओढायचं. डावी-उजवीकडे हलवलं की प्लास्टिकचे कान तुटतात किंवा आतले क्लिप फाकतात. शेजारचा फ्यूजही सोबत उचलला जातो, म्हणून त्याच्यावर दुसऱ्या हाताचं बोट. हॉर्नचा काढला, पुसला, बसवला. पंख्याचा काढला, पुसला, बसवला. मग वायपरचा, निळा, पंधरा अँपिअरचा.

तो बाहेर आला आणि मी उजेडात धरला. आतली तार शाबूत. एक पाय चांदीसारखा चमकत होता. दुसरा पिवळसर. धूळ समजून मी नखाने खरवडलं तर नखाखाली पातळ पापुद्रा आला.

वार्निश होतं ते. डायनामोचं आर्मेचर गुंडाळल्यावर तारांवर लावतात ते, विजेला अडवणारं. नाकाजवळ नेलं तर ओळखीचा वास. त्या वासात मी काही वर्षं डबा खाल्ला होता. आमच्या भागात गुंडाळीचं काम करणारा दुसरा कोणी नव्हता, आणि मी स्वतः ते काम सोडून दिलं होतं.

वार्निश फक्त एका पायाला होतं, मोटरकडे जाणाऱ्या. करंट आतून येणार, फ्यूजच्या डोक्यापर्यंत पोचणार, लॅम्प दोन्ही भोकांत लागणार. फक्त त्या पायातून पुढे जायचं तेवढं अडणार. फ्यूज बसवताना क्लिपने वार्निशवर एक रेघ ओढली होती, त्या रेघेवर वायपर कसाबसा चालायचा. जोरात पाऊस आला, वायपर सतत चालला, ती जागा तापली की बंद. थंड झाली की चालू. पावसाळ्याच्या तोंडावर फुलवाल्याने गाण्यांचा टेप वस्तादांकडे बसवून घेतला होता, हे मला तेव्हा आठवलं. टेपची वायर फ्यूजबॉक्समधूनच घेतात.

मी तिथेच फरशीवर बसलो. खरं सांगतो, राग नंतर आला. आधी वाटलं, माझं काहीतरी चुकतंय, असं असू शकत नाही. मी त्या पापुद्र्याकडे पुन्हा पुन्हा बघत होतो. मग नवा फ्यूज टाकला, जुना खिशात घातला, शेड बंद केली आणि स्कूटर काढली.

वस्ताद एकटेच होते. मी फ्यूज टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि फ्यूज बोटाने माझ्याकडे सरकवला.

"काढलास होय?" ते म्हणाले.

"वस्ताद, तो घाटात होता. मागे लेकरं होती."

"बंद पडल्यावर माणूस गाडी थांबवतो."

"का केलंत?"

ते म्हणाले, "तुझ्या बाजूची गिऱ्हाइकं जाऊ दे म्हणालो होतो. सगळीच घेऊन जा असं नव्हतो म्हणालो." आणि जरा थांबून, जणू कामातली एखादी गोष्ट समजावून सांगताहेत अशा आवाजात, "लॅम्प लागल्यावर तू फ्यूज काढणार नाहीस हे मला माहीत होतं. मीच शिकवलंय ना तुला."

ते वाक्य मला आजही झोंबतं. मला फसवायला त्यांनी माझी चूक शोधली नव्हती. त्यांनी त्यांचीच चांगली शिकवण घेतली, मी ती किती इमानाने पाळतो याची खात्री होती म्हणून. कुणी परक्याने गळा कापला असता तर इतकं दुखलं नसतं. मी काहीतरी शिवी दिली असेल. नक्की काय बोललो ते आठवत नाही. रडलो मात्र, आणि त्यांच्यासमोर रडलो याची चीड जास्त आली.

संध्याकाळी फुलवाला गाडी न्यायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. फ्यूज दाखवला, पापुद्रा दाखवला, नवा टाकलाय म्हणालो. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बंद होत गेला.

"मिस्तरी," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणायचे ना, वस्ताद म्हंजे माझा बाप? नारळ फोडायला आले, गिऱ्हाइकं दिली, रडला होता तुम्ही सांगताना. आज फॉल्ट सापडंना तर बापावर घालता? मला वाटलं नव्हतं तुम्ही असे असाल."

मी फ्यूज पुन्हा पुढे केला. त्याने तो हातातही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन द्वारकेला गेला. वस्तादांनी झाकण उघडून आत पाहिलं, माझा नवा फ्यूज पाहिला, झाकण लावलं आणि झालं म्हणून सांगितलं. ही हकीकत त्यानेच नंतर एका लग्नात, मला मुद्दाम ऐकू जाईल अशी, दुसऱ्या कुणाला तरी सांगितली. त्या दिवसापासून घाटात कितीही पाऊस असो, वायपर एकदाही बंद पडला नाही. वस्तादांच्या हाताला गुण आहे, असं तो म्हणत होता, आणि आजूबाजूचे माना डोलावत होते. त्यातल्या निम्म्या माणसांच्या गाड्या पूर्वी माझ्या शेडसमोर उभ्या असायच्या.