दोन्ही डाव्या बाह्या

आमच्या ह्यांना सगळा बाजार 'मास्तर' म्हणतो. शाळेचे नव्हेत, कापड कापणारे मास्तर. दुकान आमचं दहा बाय बाराचं. पुढे कटिंगचं टेबल, तिथे हे, आणि मागे मशीनवर मी. चव्वेचाळीस वर्षं मी त्यांची पाठ बघत शिवण शिवली आहे. कोणाला वाटेल काय हे आयुष्य! पण मला विचाराल तर झकास गेलं.

काय हात होता त्यांचा! कापड टेबलावर पसरलं की आधी तळहात फिरवायचे, मग खडू. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत यांनी नजरेनं खांदा मोजलेला असायचा. कोण ढेरपोट्या आला की म्हणायचे, "साहेब, श्वास सोडा, टेप माझी आहे, बायकोला सांगणार नाही." हसून हसून माणसाचं माप चुकायचं, यांचं नाही. मी नवीन होते तेव्हा एकदा कॉलर उलटी लावली आणि गुपचूप पिशवीत लपवली. यांनी शोधून काढली, सगळ्यांसमोर उसवायला लावली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, झाकलेली चूक शिवणीत राहते." राग आला होता, पण धडा पक्का बसला. म्हणजे बसला असं मला वाटत होतं.

तर गेल्या वर्षी आमच्या थोरल्यानं माझ्यामागे टुमणं लावलं. "आई, तुझं विसरणं फार वाढलंय." कारण काय, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंचं नाव मला आठवलं नाही. संध्याकाळी भाजी निवडताना आपोआप आठवलं, पण तोवर बोभाटा झाला होता. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते विसरते, परत मशीनपाशी आले की आठवतं. नवा फोन शिकवायला नातीला चार दिवस लागले. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवूया ना." मी म्हटलं, "दाखवा! सत्तरीला आले, मेंदूला काय नवं अस्तर लावणार आहात?" पण आतून घाबरले होते, खोटं कशाला बोलू.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी कोणालाच सांगितली नव्हती.

डॉक्टरांकडे जायच्या दीड वर्ष आधी यांनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खोल असतो, म्हणून कापड घडी न घालता एकेरी पसरलं की एक बाही कापून झाल्यावर साचा पालथा घालायचा. शिकाऊ माणूस पहिल्या आठवड्यात ही चूक करतो. मास्तरांनी केली. एवढंसं काय, म्हणून मी तसंच कापड आणलं, मागच्या बाजूला बसून बाही कापली, शर्ट शिवून दिला. मग महिन्यानं पुन्हा तेच. मग नवीन मापं घेणं त्यांनी माझ्यावर ढकललं, "तू घे गं, माझे डोळे." एकच प्रश्न तासात तीनदा, "तो कोट कधी द्यायचाय?" मी तीनदा उत्तर द्यायची. चाळीस वर्षं ज्या गल्लीतून बटणं आणली, तिथून परतायला एक दिवस अडीच तास लागले. म्हणाले, ओळखीचा भेटला. कात्री सापडेना तेव्हा सूनबाईनं चोरली म्हणाले, आणि ती निघाली फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे. मी धुतली, पुसली, टेबलावर ठेवली. गिऱ्हाइकाशी थट्टा करणारा माणूस गिऱ्हाईक आलं की मागे येऊन बसायला लागला. मी मात्र सगळ्यांना सांगायची, "थकलेत जरा." नवऱ्याचा हात चुकतो हे बाजारात कळलं तर त्यांचं राहिलं काय?

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि थोरला. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, पण ऐकायची शांतपणे. तिनं मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, तारीख विचारली. मग घरचं सगळं खोदून विचारलं. काम जमतं का, रस्ता चुकता का, औषधं वेळेवर घेता का. शेवटी म्हणाली, "आजी, नाव अडकतं पण नंतर आठवतं, वस्तू माग काढत गेलं की सापडते, नवं शिकायला वेळ लागतो पण जमतं. हे वयाचं आहे. रोजचं काम अडत नाही ना?"

"काडीचंही नाही," मी म्हटलं.

मग तिनं सहज म्हणून यांना विचारलं, "आजोबा, काल संध्याकाळी काय केलंत?" हे हसले आणि माझ्याकडे वळले. "ही सांगेल, माझं खातं हिच्याकडे." थोरलाही हसला. तिनं आणखी एक विचारलं, परत मान माझ्याकडे. ती हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, यांच्याबद्दल काही सांगायचंय?"

त्या क्षणी मला उठून पळून जावंसं वाटलं. नाही म्हटलं असतं तर सगळं होतं तसंच चाललं असतं. मग मी बोलले. बाह्या, गल्ली, कात्री, कोट, सगळं. यांच्यासमोर. थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. "आई, तू हे आम्हाला सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "तू माझा चष्मा मोजत होतास ना!"

डॉक्टरीणबाई म्हणाली, आत्ताच काही नाव देत नाही. रक्त तपासू, थायरॉइड, बी-बारा बघू, कोणतं औषध बाधतंय का, मन खचलंय का ते बघू, डोक्याचा स्कॅन करू. कधी कधी बरं होण्यासारखं कारण निघतं. नाही निघालं तरी लवकर कळलेलं बरं, पुढचं त्यांना स्वतः ठरवता येतं. "पण एक करा, आता झाकू नका."

जिना उतरताना हे म्हणाले, "दोन्ही डाव्या? मी?" मी मान हलवली. "आणि तू गुपचूप परत कापलीस?" मला रडू आवरेना. म्हणाले, "बाही बरी बसली होती का पण?" मी म्हटलं, "तुमच्यासारखी नाही."

थोरला औषधांच्या दुकानात गेला आणि आम्ही दोघं बसस्टॉपवर बाकड्यावर बसलो. ऊन छान होतं. मला वाटलं, सांगून टाकलं ते बरं झालं, छातीवरचा दगड उतरला. अर्धा तासही झाला नसेल. यांनी माझा हात हातात घेतला, चिंता भरलेल्या डोळ्यांनी बघितलं.

"काय म्हणाली गं डॉक्टर? तुझं काही वाईट नाही ना निघालं?"

दीड वर्षाची सवय. जीभ टाळूला लावून तयारच होती, 'काही नाही, थकलाय जरा.' ते शब्द गिळले मी.

"माझं काही नाही. तपासण्या तुमच्या करायच्यात. तुम्ही विसरायला लागला आहात."

ते माझ्याकडे बघत राहिले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. दुखलं त्यांना, पुन्हा नव्यानं दुखलं, मला दिसलं. मग म्हणाले, "मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"आत्ता सांगतेय ना. परत विचारलंत तर परत सांगेन."

थोरला आला, पाठोपाठ बस आली. मी त्यांना खिडकीची जागा दिली.