उड्याबाईंचं पत्र

“बसवलेलं मूल बसलेलं नसतं, नुसतं दाबून धरलेलं असतं,” असं बाई म्हणायच्या. हेडसरांना म्हणायच्या, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना म्हणायच्या, आणि ऐकायला कोणी नसलं की फळा पुसता पुसता स्वतःलाच ऐकवायच्या. दुसरीच्या वर्गावर त्यांचं आयुष्य गेलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यामागे त्यांना उड्याबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी मनातून थोडा तोराच वाटायचा.

त्यांच्या वर्गात गणित पायांनी सुरू व्हायचं. दोनाचा पाढा म्हणताना दोन-दोन उड्या. मुलांच्या माना लवंडायला लागल्या की पुस्तकं मिटून सगळे उभे, उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा हात उजव्या गुडघ्याला. मग पुतळ्याचा खेळ: बाई टेबलावर पट्टी वाजवतील तोवर चालायचं, पट्टी थांबली की जिथल्या तिथे पुतळा. शेवटी मात्र नेहमी संथ काहीतरी. तळवे एकमेकांवर दाबायचे, हळू श्वास सोडायचा, मग पेन्सिल हातात. हे शेवटचं चुकलं की वर्ग अर्धा तास हाताला लागत नाही, हे बाई स्वतःच्या फजितीतून शिकल्या होत्या.

त्या वर्षी वर्गात भिंगरी आला. नाव दुसरंच होतं, पण पहिल्याच दिवशी पोरांनी बारसं करून टाकलं. बाकावर बसला तरी त्याचं निम्मं अंग बाहेर. कोणाचं खोडरबर उचलेल, कोणाच्या दप्तरात डोकावेल, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देईल आणि तेही शेजारच्या प्रश्नाचं. हुशार होता, पण वहीत अर्ध्या ओळीपलीकडे काही नसायचं. बाईंनी ठरवलं, वर्गाच्या खेळांशिवाय त्याला थोडे जादा खेळ द्यायचे.

हेडसर म्हणाले, जादा काही करायचं तर पालकांची सही आणा. आदल्या वर्षी लंगडी घालताना एका मुलीचा दात हलला होता आणि तिच्या वडिलांनी शाळा डोक्यावर घेतली होती. तेव्हापासून सर ताकसुद्धा फुंकून पीत. पालकांनी सही नाकारली तर तो पोरगा खेळाच्या वेळीही बसून राहील, असं त्यांनी बजावलं.

म्हणून बाईंनी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला ते तक्रारीसारखं झालं, फाडलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं वाटलं, तेही फाडलं. तिसरं जमलं. त्यात लिहिलं होतं, “तुमचा मुलगा खोडकर नाही आणि आजारीही आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगाला हालचाल जास्त लागते. ती त्याला धड्याच्या आधी आणि मध्ये मिळाली, तर तो धड्यात टिकेल असा माझा अनुभव आहे. थांबण्याच्या खेळांनी स्वतःला आवरायची सवय होते. भिंतीला दोन्ही हात लावून जोर देणं, वजन उचलून नेणं, अशा कामांनी अंग निवतं. हे खेळ शिक्षा म्हणून दिले जाणार नाहीत आणि शिक्षा म्हणून काढूनही घेतले जाणार नाहीत. दर पंधरवड्याला काय फरक पडला ते मी तुम्हाला कळवीन.” आणि पोराला आपण वेगळे आहोत असं वाटू नये म्हणून शेवटी एक वाक्य घातलं: “वर्गाच्या वह्यांचा गठ्ठा कार्यालयापर्यंत वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे मानाने दिलं जाईल.” हे वाक्य बाईंनी तीनदा वाचलं. साऱ्या पत्रात त्यांना तेच सगळ्यात गोड वाटलं.

भिंगरीचा बाप मालाच्या गोदामात हमाल होता. मधल्या सुट्टीत तो आला, खांद्यावर पोत्यांचा भुसा तसाच. पत्र त्याने खिशातून काढलं, घडी नीट उलगडली. सगळं वाचलंय, म्हणाला. हळू वाचलं, पण दोनदा वाचलं. पोराबद्दल एवढं चांगलं आजवर कोणी लिहिलं नव्हतं, असंही म्हणाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाई, हे वाहून न्यायचं तेवढं कशाला?”

बाई समजावू लागल्या. हाताला, खांद्याला भार मिळाला की अंग शांत होतं. गठ्ठा फार मोठा नसेल, त्याला पेलेल एवढाच. आणि काम मानाचं आहे.

तो ऐकत राहिला. आवाज चढवला नाही.

“मी दिवसभर भार वाहतो, बाई. संध्याकाळी माझंही अंग शांत होतं. इतकं शांत की पोरगा बोलायला आला तरी तोंड उघडत नाही. त्या शांततेसाठी नाही घातला त्याला शाळेत.”

बाईंनी पत्र पुढ्यात ओढलं. त्या म्हणाल्या, वाहण्याचं काढून टाकते, ती ओळ आत्ता खोडते. त्यांनी खरंच खोडली. पण खोडलेली ओळ खोडलेली दिसतेच. तिच्यावरून त्याची नजर हलेना.

शेवटचा उपाय म्हणून बाई म्हणाल्या, खिडकीतून बघा तरी. सुट्टी संपली, पट्टी वाजू लागली, पोरं चालू लागली. पट्टी थांबली. सगळे पुतळे झाले. भिंगरी आणखी चार पावलं गेला, एकाला धडकला आणि मग थांबला. वर्ग खो-खो हसला. बाईंना आनंद झाला होता, कारण महिन्यापूर्वी तो थांबतच नव्हता. दाराशी येऊन त्यांनी तसं सांगितलं. पण बापाने पाहिलं ते एवढंच, की सगळ्यांची पोरं उभी राहिली आणि आपलं एकटं राहिलं नाही, आणि त्याच्यावर सारी हसली.

“बघितलं,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो दाखला मागायला आला. पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत जाऊन आलो, म्हणाला. तिथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. पोरं हाताची घडी घालून बसतात. आपलाही बसेल. हेडसरांनी लगेच दाखला लिहायला घेतला. त्यांची एक काळजी मिटत होती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन विनवलं, पंधरा दिवस थांबवा. सर म्हणाले, पालकाची इच्छा आहे, आपण कोण?

त्या शाळेत बाईंची एक विद्यार्थिनी आता शिकवत होती. तिच्याकडून तिथली रीत त्यांना माहीत होती. जागेवरून उठलेल्या पोराला मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवत. दिवस दिवस. आठवड्याभरात भिंगरी त्या भिंतीपाशी जाणार, आणि वर्षभरात त्याला स्वतःलाच पटणार की आपण वाईट आहोत. बाईंना ते समोर घडत असल्यासारखं दिसत होतं, आणि हातात काही नव्हतं.

त्यांनी घाईघाईने नव्या वर्गशिक्षकांसाठी चार ओळी लिहिल्या: याला उठू द्या, फळा पुसायला द्या, तेवढंही पुरेल. कागद घेऊन त्या फाटकापर्यंत जवळजवळ धावत गेल्या. बापाने कागद हातात घेतला, वाचला नाही, आणि दोन्ही हातांनी परत दिला.

“नको बाई. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी कागद नको पोराच्या मागे.”

“मी त्याचं वाईट लिहिलेलं नाही हो.”

“माहीत आहे मला. त्या दिवशीही नव्हतं लिहिलं.”

बाईंनी भिंगरीच्या केसांवरून हात फिरवला. तो हाताखालून निसटला. रस्त्याच्या कडेला कोणीतरी सायकल उलटी करून चाक फिरवत होतं, त्याचं सगळं लक्ष तिकडे.  कागद मुठीत धरून त्या वळल्या आणि मोकळ्या पटांगणातून वर्गाकडे चालू लागल्या, नेहमीपेक्षा हळू. पोरगा बापाचा हात ओढून सायकलकडे नेऊ पाहत होता, त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. बाप मात्र हलला नाही. बाई वर्गात शिरून दिसेनाशा होईपर्यंत तो फाटकाशी उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.